इंडक्शनवर पोळी फुगत नाही, पापड होतो: तवा किती तापवायचा, पोळी किती वेळ ठेवायची?

सायली_आइंडहोवन

आम्ही दोन महिन्यांपूर्वी आइंडहोवनला नव्या घरात आलो. नेदरलँड्समध्ये जुलै २०१८ पासून नव्या इमारतींना गॅसची जोडणी देत नाहीत, त्यामुळे स्वयंपाकघरात फक्त इंडक्शनची शेगडी आहे. पुण्याहून आणलेला अॅल्युमिनियमचा तवा तिच्यावर तापतच नाही, म्हणून सपाट बुडाचा लोखंडी तवा घेतला. तवा २६ सेंटिमीटरचा आहे आणि चांगला जड आहे.

पुण्यात गॅसवर माझ्या पोळ्या दहातल्या नऊ फुगायच्या. इथे एकही धड फुगत नाही. मधे एखादा फुगा येतो, बाकी पोळी सपाट राहते आणि डब्यात तासाभरात वातड होते. मुलगी डबा तसाच परत आणते. कणीक तशीच मळते, अर्धा तास झाकून ठेवते, पीठ इथल्या भारतीय दुकानातलं आट्याचं आहे.

शेगडीला १ ते ९ आकडे आहेत आणि त्यावर एक पी आहे. मी ६ वर ठेवते. गॅसवर ज्योत बघून कळायचं, इथे आकड्यावरून काहीच अंदाज येत नाही. कोणी इंडक्शनवर पोळ्या करत असेल तर नक्की कुठला आकडा ठेवता आणि किती वेळ, ते सांगाल का?

गौरी_नाशिक

सायली, आच कमी कर. मोठ्या आचेवर पोळी कडक होते, हे मला आईने शिकवलं. मंद आचेवर सावकाश भाजलेली पोळी आतपर्यंत शिजते आणि मऊ राहते. कणकेत दोन चमचे तेल आणि थोडं कोमट दूध घाल, कणीक सैल मळ. तू ६ वर ठेवतेस ना, ४ वर ठेवून बघ.

नाना_सोलापूर

आमच्याकडे ज्वारीची भाकरी रोज होते. तव्यावर टाकली की वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकत आलं की उलटायची आणि मग तवा बाजूला करून थेट आरावर फुगवायची. टम्म फुगते. भाकरीचं पीठ ताजं दळलेलं असावं, शिळ्या पिठाची भाकरी चिरते. उकळत्या पाण्यात मळून बघा.

सायली_आइंडहोवन

नाना, धन्यवाद, पण माझा प्रश्न गव्हाच्या पोळीचा आहे. भाकरीपर्यंत अजून हात पोचलेला नाही.

गौरीताई, ४ वर आजच करून बघितली. पोळी पांढरीच राहिली, खूप वेळ ठेवावी लागली आणि काढली तेव्हा मोडत होती. पापडच झाला.

शोभाताई_डोंबिवली

सायली, मी अठरा वर्षं घरून पोळीभाजी देत होते. दिवसाला दोनशे-अडीचशे पोळ्या व्हायच्या. इंडक्शन मी फक्त मुलाकडे वापरलंय, पण तुझी अडचण शेगडीची नाही, वेळेची आहे. तू आकडा विचारतेस. आकडा मी सांगू शकत नाही, कारण तुझी शेगडी आणि तुझा तवा वेगळा. पण पोळीची पहिली बाजू किती वेळात तयार होते त्यावरून तवा किती तापलाय हे कळतं, आणि ते कुठल्याही शेगडीवर सारखंच असतं.

उद्या एक कर. पोळी तव्यावर टाकलीस की एक, दोन, तीन असं शांतपणे मोजायला लाग, घड्याळाच्या सेकंदाइतकं. वरचा कच्चा रंग जाऊन पोळी जराशी गडद दिसायला लागली आणि बारीक बारीक फोड उठायला लागले की थांब. किती आकडे झाले ते लिहून ठेव. मग उलट आणि दुसऱ्या बाजूला तपकिरी ठिपके पडेपर्यंत परत मोज. हे दोन आकडे मला सांग. पोळी किती मोठी लाटतेस तेही सांग.

तेजस_बंगळूर

मी पण इथेच विचारतो. मी गॅसवर नॉनस्टिक तव्यावर चपात्या करतो. माझ्या फुगतात, छान टम्म. पण दहा मिनिटांत कडक होतात. म्हणजे फुगणं आणि मऊ राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

विनय_क

तेजस, वेगळ्या आहेत, पण मूळ एकच. पोळी फुगवते ती तिच्यातल्या पाण्याची वाफ. वाफ आत कोंडायला वर-खाली दोन बंद पापुद्रे लागतात. आणि पोळी मऊ राहते ती भाजल्यावर आत उरलेल्या पाण्यामुळे. वाफ झपाट्याने तयार झाली तर थोडंसं पाणी जाऊन पोळी फुगते आणि बाकीचं आतच राहतं. सावकाश तापली तर वाफ जमण्याऐवजी हळूहळू निघून जाते. तेव्हा फुगतही नाही आणि सुकतेही.

माझ्याकडे तापमान मोजायची बंदूक आहे, लांबून लाल ठिपका पाडून वाचायची. माझ्या गॅसवरच्या काळ्या लोखंडी तव्यावर ज्या दिवशी पोळ्या चांगल्या होतात त्या दिवशी मधोमध २१० ते २३० अंश सेल्सिअस दिसतं. १८० च्या खाली पोळी वाळते. २६० च्या वर गेलं की तव्यावर पडलेली पिठी धूर सोडते. सायली, अशी बंदूक घेऊन टाक, प्रश्न मिटला.

अमृता_ठाणे

विनय, एक सांगायचं राहिलं. ती बंदूक चकचकीत स्टीलवर चुकीचं वाचते, बरंच कमी दाखवते. माझ्या स्टीलच्या तव्यावर ११० दाखवत होती आणि टाकलेली पोळी करपली. काळ्या, वापरून तेल मुरलेल्या लोखंडावर ठीक वाचते. सायलीचा तवा नवा आहे, तो काळा झालाय की अजून करडा चकाकतोय, त्यावर अवलंबून आहे.

विनय_क

बरोबर. माझा तवा दहा वर्षांचा आहे, त्यामुळे ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. नव्या तव्यावर आकड्यावर विसंबू नका.

सायली_आइंडहोवन

शोभाताई, सकाळी मोजलं. तवा काळा झालाय, मी पहिल्याच आठवड्यात तेल लावून दोन-तीनदा तापवला होता.

६ वर, तवा तीन मिनिटं तापवून पोळी टाकली. फोड यायला ५० आकडे लागले. दुसऱ्या बाजूला ठिपके पडायला ९० लागले. तेही फक्त मधे, कडा पांढऱ्याच. मग उलटून फडक्याने दाबली तर मधे छोटा फुगा आला आणि बसला.

मग रागाने पी लावलं. दोन मिनिटांनी पोळी टाकली तर सात-आठ आकड्यांत मधोमध काळी वर्तुळं पडली आणि कडा कच्च्या राहिल्या. पोळी मी २० सेंटिमीटरची लाटते, साधारण ४५ ग्रॅमच्या गोळ्याची. नवऱ्याने शेगडीवरचं वर्तुळ मोजलं, ते १८ सेंटिमीटरचं आहे.

शोभाताई_डोंबिवली

तुझं उत्तर तूच लिहिलंस. ५० आकडे म्हणजे तवा फार गार. फुलक्याची पहिली बाजू माझ्याकडे बारा ते पंधरा आकड्यांत तयार व्हायची. वीसच्या पुढे गेली की मी आच वाढवायचे. दहाच्या आत फोड आले किंवा लगेच डाग पडले की आच कमी करायची.

पहिली बाजू इतकी कमी का ठेवायची, ते नीट समजून घे, कारण बहुतेक जण इथेच चुकतात. पहिली बाजू भाजायची नसते, वरवरची ओल उडून नुसता पातळ पापुद्रा धरेपर्यंत ठेवायची असते. हीच बाजू शेवटी परत खाली जाणार आणि फुगताना ताणली जाणार. ती आधीच ५० आकडे भाजून कडक झाली तर ताणली जात नाही. कुठेतरी बारीक चीर पडते आणि वाफ तिथून निघून जाते. तू दाबलीस तेव्हा फुगा येऊन बसला ना, तो याच चिरेमुळे.

दुसरी बाजू मात्र नीट भाजायची. तिला तीस-पस्तीस आकडे दे. सगळीकडे विखुरलेले बदामी ठिपके दिसले पाहिजेत, मोठे काळे डाग नकोत. मग उलटून पहिली बाजू खाली. गॅस असता तर आता तवा बाजूला करून ज्योतीवर टाकायची, पाच-सहा आकड्यांत फुगते. तुला तव्यावरच फुगवायचीय, तर सुती फडक्याची घडी करून ज्या भागात फुगलेली नाही तिथे हलक्या हाताने दाबायचं. मधे फुगा दिसला की त्यावर दाबू नको. त्याच्या शेजारी दाब, म्हणजे वाफ कडेकडे सरकते. वाफेने हात भाजतो, घडी जाड घे. सगळी मिळून पोळी तव्यावर एक मिनिटाच्या आसपास असते. तुझी अडीच मिनिटं होती.

गौरी_नाशिक

शोभाताई, मी तुमचा मान ठेवून सांगते, माझ्या पोळ्या मी मध्यमपेक्षा कमी आचेवरच करते आणि त्या रात्रीपर्यंत मऊ असतात. माझी पोळी दोन-अडीच मिनिटं तव्यावर असते. मग ते कसं?

शोभाताई_डोंबिवली

गौरी, तू घडीची पोळी करतेस का? आत तेल लावून, घडी घालून, जाडसर?

गौरी_नाशिक

हो. तीन पदरी. वरून तूपही लावते.

शोभाताई_डोंबिवली

मग तुझं तुझ्यापुरतं बरोबर आहे. घडीची पोळी फुलक्यापेक्षा जाड, आत तेल, त्यामुळे पदर तेलामुळेच सुटतात आणि तेलाने ती मऊ राहते. तिला आच थोडी कमीच लागते, नाहीतर बाहेर डाग पडतात आणि आतला पदर कच्चा राहतो. मी घडीच्या पोळीला पहिली बाजू वीस-पंचवीस आकडे द्यायचे. पण अडीच मिनिटं मला जास्त वाटतात. तू एकदा आच थोडी वाढवून दीड मिनिटात करून बघ, आणि दोन्ही पोळ्या संध्याकाळी शेजारी ठेवून बघ.

सायलीची फुलक्यासारखी पातळ पोळी आहे, आत तेल नाही. ती मंद आचेवर वाळणारच. कणीक सैल असावी हे मात्र गौरीचं खरं आहे. घट्ट कणकेत वाफेला पुरेसं पाणीच नसतं. आणि तेल दूध घालून कणीक मऊ होते, पण गार तव्याची भरपाई त्याने होत नाही.

विनय_क

सायली, वर्तुळ १८ चं आणि पोळी २० ची, हा तुझा दुसरा प्रश्न आहे. गॅसची ज्योत तव्याच्या कडेपर्यंत पसरते. इंडक्शनमध्ये लोखंड फक्त वर्तुळाच्या वरच तापतं, कडेला उष्णता लोखंडातून सरकत जावी लागते आणि लोखंड अॅल्युमिनियमइतकं चपळ नाही. म्हणून पी लावलंस तेव्हा दोन मिनिटांत मधला भाग फार तापला आणि कड गारच राहिली. तवा मधल्या आकड्यावर सहा-सात मिनिटं तापव, कडेला उष्णता पोचू दे, मग आकडा वाढव. गार लोखंड थेट पीवर ठेवू नकोस, सपाट तवा वाकून बुडाला फुगतो आणि मग शेगडीवर डुगडुगतो.

आणि पोळी १६ सेंटिमीटरची लाट. ३० ग्रॅमचा गोळा पुरेल. मग ती पूर्ण गरम भागातच बसेल.

शोभाताई_डोंबिवली

विनयने बरं सांगितलं. तवा तापला की नाही ते पिठीने बघता येतं. तापलेल्या तव्यावर चिमूटभर कोरडी पिठी टाक. दहा-बारा आकड्यांत बदामी व्हायला लागली तर पोळी टाक. टाकताच काळी पडून धूर आला तर तवा उचलून जरा थांब. वीस मोजूनही पांढरीच तर अजून तापव. बघून झालं की फडक्याने पुसून टाक. नाहीतर तीच जळकी पिठी पुढच्या पोळीला चिकटते, आणि लोक म्हणतात पोळी करपली. दर तीन-चार पोळ्यांनी कोरड्या फडक्याने तवा पुसायचाच.

अमृता_ठाणे

मी पाण्याचे थेंब टाकते. चर्र करून लगेच उडाले की टाकायची. थेंब गोळे होऊन तव्यावर पळायला लागले तर माझ्या तव्याला जरा जास्त झालेलं असतं. पण नव्या माणसाला पिठीचं बघणं सोपं जाईल.

तेजस_बंगळूर

माझ्या प्रश्नाचं राहिलं. माझ्या फुगतात पण कडक होतात.

शोभाताई_डोंबिवली

तेजस, तुझे पण आकडे सांग. आणि फुगल्यावर किती वेळ ठेवतोस?

तेजस_बंगळूर

पहिली बाजू १५, दुसरी ४०. मग गॅसवर टाकतो आणि दोन्ही बाजूंना सगळीकडे तपकिरी रंग येईपर्यंत फिरवत राहतो. वीस-पंचवीस सेकंद लागत असतील. मला डाग असलेली चपाती आवडते. मग स्टीलच्या ताटात काढतो, पंख्याखाली.

शोभाताई_डोंबिवली

फुगली की झालं, काढायची. फुगल्यावर आतल्या वाफेने आतली बाजू शिजते, त्यानंतर ज्योतीवर जितकी ठेवशील तितका वरचा पापुद्रा वाळतो. तू वीस सेकंद जास्त ठेवतोस. पापुद्रा पातळ, त्यामुळे तेवढ्यातच बिस्किट होतो.

आणि पंख्याखाली उघडी ठेवू नको. सुती फडकं पसर, त्यावर पोळी ठेव, फडक्याची कड वरून घे. नुसत्या स्टीलच्या डब्यात ठेवलीस तर खालची पोळी पाण्याने ओली होते, म्हणून फडकं हवं. पहिल्या दोन मिनिटांची जोरातली वाफ जाऊ दे, मग डब्याचं झाकण लाव.

नॉनस्टिक तवा रिकामा मोठ्या आचेवर तापवून ठेवू नको हेही सांगते. फुलक्याला लागणारी उष्णता त्या लेपाच्या सहन करण्याच्या हद्दीजवळ जाते आणि रिकामा तवा भलताच लवकर तापतो. चपात्यांसाठी साधा लोखंडी घे, फार महाग नसतो.

विनय_क

मी एकदा वजन करून बघितलं होतं, किचनच्या काट्यावर. ४० ग्रॅमची लाटलेली पोळी. चांगल्या तापलेल्या तव्यावर साधारण एका मिनिटात झालेली ३४ ग्रॅम भरली. त्याच कणकेची दुसरी पोळी मुद्दाम मंद आचेवर तीन मिनिटं भाजली, ती ३१ भरली. तीनच ग्रॅमचा फरक, पण ४० ग्रॅममध्ये मुळात पाणी पंधरा-सोळा ग्रॅमच असतं. दुसरी दुमडली तर तुटली. एकाच दिवसाचं एकच मोजमाप आहे, त्यामुळे आकडे जसेच्या तसे धरू नका, पण फरक हाताला जाणवत होता.

नाना_सोलापूर

भाकरीलाही हाच नियम लागतो का? आमची मंडळी म्हणतात भाकरीला तवा फार तापला तर ती तव्याला धरते आणि वर चिरा पडतात.

शोभाताई_डोंबिवली

नाना, भाकरीत गव्हासारखा चिकटपणा नाही, त्यामुळे तिचं गणित वेगळं. वरून पाणी लावता ते बाजू सुकून चिरू नये म्हणून. पोळीला पाणी लावत नाही कारण तिचा पापुद्रा कणकेच्या ताणानेच धरतो. भाकरीचं मी खात्रीने बोलणार नाही, आमच्याकडे तांदळाची व्हायची, तीही क्वचित. तुमच्या मंडळींनाच लिहायला सांगा.

सायली_आइंडहोवन

आज शनिवार, सावकाश केलं. सगळं लिहिते.

कणीक जरा सैल मळली. दोन वाट्या पिठाला आधी जेवढं पाणी घालायचे त्यापेक्षा दोन-तीन चमचे जास्त लागलं. इथलं पीठ पुण्याच्या गिरणीतल्या पिठापेक्षा पाणी जास्त पितं, हे मला आत्ता लक्षात आलं. चाळीस मिनिटं झाकून ठेवली. ३० ग्रॅमचे गोळे, १६ सेंटिमीटरच्या पोळ्या.

तवा ५ वर सात मिनिटं, मग ७ वर दोन मिनिटं. पिठी टाकली, अकरा आकड्यांत बदामी झाली. पुसली.

पहिली पोळी: पहिली बाजू १८, दुसरी ४०. उलटून दाबली, अर्धी फुगली. ८ केलं. दुसरी पोळी: १४ आणि ३२. उलटताच कडेपासून फुगायला लागली, दोन ठिकाणी दाबलं, पूर्ण फुगली. मी ओरडलेच. तिसरी, चौथीही फुगली. पाचवीला मात्र पहिल्या बाजूला आठ आकड्यांतच डाग पडले आणि ती फुगली नाही. सहावीचंही तसंच. मग परत ७ केलं, दोन पोळ्या झाल्या, मग परत गार. पंधरामधल्या नऊ फुगल्या.

मधेच का बिघडतं?

शोभाताई_डोंबिवली

वा, पहिल्याच दिवशी नऊ! आता मला सांग, पाचवीच्या आधी काय झालं? लाटायला वेळ लागला का?

सायली_आइंडहोवन

हो! मुलगी आली, तिला डबा उघडून दिला. तवा ८ वरच होता.

शोभाताई_डोंबिवली

मग तेच. तव्यावर पोळी असते तेव्हा ती तव्याची उष्णता ओढून घेते. ओली कणीक टाकली की तवा गार होतो. पोळी नसेल तर तीच आच तव्याला तापवत राहते. रिकामा तवा अर्ध्या मिनिटातसुद्धा बराच पुढे जातो. दोनशे पोळ्या करताना मी आणि माझ्या मदतनीस असायच्या, एक लाटायची, एक भाजायची, तवा कधी रिकामा राहायचाच नाही. म्हणून आच एकदा लावली की हात लावावा लागायचा नाही. एकटीने करताना तसं होत नाही. तव्यावर पोळी असताना पुढची लाट, ती झाली नसेल तर आच दोन आकडे खाली आण. पोळी टाकतानाच परत वर घे.

आणि शेजारी चार पोळ्या लाटून ठेवू नको. वरून सुकतात, सुकलेल्या पोळीला पापुद्रा आधीच धरलेला असतो, ती फुगत नाही. फार तर एक.

अमृता_ठाणे

इंडक्शनवर आकडा कमी केला की लगेच परिणाम होतो, तो गॅसपेक्षा फायदाच आहे. पण जाड लोखंड स्वतःची उष्णता धरून ठेवतं, ते लगेच गार होत नाही. त्यामुळे सायली, आठ आकड्यांत डाग पडले तर नुसता आकडा कमी करून लगेच पोळी टाकू नकोस, तवा वर्तुळावरून उचलून अर्धा मिनिट बाजूला ठेव.

तेजस_बंगळूर

आज फुगल्याबरोबर काढल्या आणि फडक्यात ठेवल्या. दुपारच्या रात्री खाल्ल्या, दुमडता येत होत्या. डाग नसलेली चपाती मला अजून कच्ची वाटते, पण चावून बघितली तर कच्ची नव्हती.

विनय_क

एक विचारायचं होतं. लोखंडी जाळी इंडक्शनवर ठेवून त्यावर फुगवता येते का? माझ्या मेहुण्याच्या शेगडीने जाळी ओळखलीच नाही, दिवा लुकलुकत राहिला. कोणी जाळी तव्यावर ठेवून करून बघितलंय का?

अमृता_ठाणे

मी केलंय. पोळी तव्यापासून वर राहते, त्यामुळे फुगायच्या आधी वाळते. मला फडक्याने दाबणंच बरं वाटलं. पण माझ्या मावशीला जाळीवर छान जमतं, ती पोळी फुगायला लागली की जाळीवर घेते असं म्हणते. तिची शेगडी मी बघितलेली नाही.

गौरी_नाशिक

शोभाताई, तुमचं ऐकून काल आच वाढवून दीड मिनिटाची पोळी केली. ताजी असताना दोन्ही सारख्याच लागल्या. संध्याकाळी दीड मिनिटाची जास्त मऊ होती असं मला आणि सासूबाईंना वाटलं, पण काल कणीकही जरा जास्त वेळ मुरली होती, त्यामुळे फरक नक्की कशाचा ते सांगता येत नाही. एकाच गोळ्याच्या दोन पोळ्या करून परत बघणार आहे. आईने मंद आच शिकवली ती मातीच्या चुलीवर, तिथे आच आपोआपच मोठी असायची, म्हणून ती मला सारखी कमी कर कमी कर म्हणायची का, असा विचार मनात आला.

सायली_आइंडहोवन

आज सकाळी डब्यासाठी दहा केल्या. लाटताना ५ वर, टाकताना ८ वर, असं प्रत्येक वेळी केलं. आठ फुगल्या. न फुगलेल्या दोन्हींच्या कडा जाड लाटल्या गेल्या होत्या, मधे पातळ. मुलीने डबा रिकामा आणला.

२० सेंटिमीटरची एक मुद्दाम करून बघितली. मधे फुगली, बाहेरची दोन बोटं रुंदीची कड तशीच सपाट. ती मी पोळी तव्यावर थोडी सरकवून कड वर्तुळाच्या मधे आणून दाबली, तेव्हा कुठे फुगली, पण तोवर मधला भाग वाळला. म्हणजे या शेगडीवर लहान पोळ्याच कराव्या लागणार. कोणाकडे २१ किंवा जास्त सेंटिमीटरच्या वर्तुळाची शेगडी असेल आणि मोठ्या पोळ्या होत असतील तर पहिल्या बाजूचे आकडे लिहा.

अमृता_ठाणे

माझ्या शेगडीचं मोठं वर्तुळ २१ चं आहे, तवा २८ चा. उद्या मोजून लिहिते.